वहिनींच्या फोटोतला अंगठा

समस्त नातलग, शेजारी आणि कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले भैया यांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की आमच्या फरीदाबादच्या घरातल्या तीन माणसांची नखं एकाच रविवारी फोटोरूपाने डॉक्टरकडे रवाना झाली. दोघांची मुद्दाम पाठवली होती. तिसरा माणूस घुसला होता.

डॉक्टर म्हणजे माझी भाची. दिल्लीत मुनिरकाला भाड्याच्या खोलीत राहते आणि एका सरकारी हॉस्पिटलात त्वचारोगाचं शिक्षण घेते. माझ्या पायाच्या अंगठ्याचं नख पिवळं, जाड आणि शिळ्या पापडासारखं ठिसूळ झालं होतं. थोरल्या जाऊबाईंच्या, म्हणजे वहिनींच्या हाताच्या नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडले होते. त्या वरच्या मजल्यावर राहतात. फोटो काढायचा म्हटल्यावर त्या घाईघाईने वर गेल्या आणि दहाही नखं लालभडक रंगवून खाली आल्या. मी तसाच फोटो पाठवला.

"मावशी, नेलपॉलिश काढून पाठवा," भाचीचा निरोप आला. "मी स्थळं बघत नाहीये."

रंग पुसून वहिनी खिडकीपाशी उजेडात बसल्या, पण हात काही स्थिर राहीना. तेव्हा आमचे हे पुढे सरसावले. यांना कुठल्याही फोटोत शिरायची जुनी खोड आहे. लोकांच्या मुंजीच्या अल्बममध्येही मागच्या रांगेत हे हसत उभे सापडतात. यांनी वहिनींचा पंजा घट्ट धरला, मी फोटो काढला, पाठवला.

पाच मिनिटांत भाचीचा फोन. माझ्याबद्दल एकच वाक्य: बुरशी वाटतेय, पण नखाचा तुकडा तपासल्याशिवाय गोळ्या सुरू करायच्या नाहीत. मग तिचा आवाज बदलला.

"मावशी, कडेला तो अंगठा कुणाचा आहे?"

मी फोन स्पीकरवर टाकला आणि फोटो मोठा करून पाहिला. यांच्या अंगठ्याच्या नखावर मुळापासून टोकापर्यंत पट्टीने आखल्यासारखी काळपट रेघ होती. इतकी वर्षं या हाताला चहाचा कप देतेय, आणि मला ती दिसली नव्हती.

"अगं, पानिपतला दुकानाच्या शटरमध्ये सापडला होता," हे मागून ओरडले. "ब्लँकेट घ्यायला गेलो होतो तेव्हा. रक्त साकळलंय, बाकी काही नाही."

"काका, साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं आणि मागून स्वच्छ नख येतं. तुमची रेघ मुळापासूनच येतेय. पूर्वीपेक्षा रुंद झालीय?"

"थोडीशी." हे जमिनीकडे बघत म्हणाले. म्हणजे स्वारी रोज बघत होती तर!

"फोटोवरून मी काहीच सांगू शकत नाही. बहुतेकदा साधंच निघतं. पण एकाच नखावर, या वयात, आणि रुंद होतेय, तर कॅन्सर नाही ना हे आमच्या मोठ्या डॉक्टर मॅडमना बघू दे. उद्याच या."

"आणि माझे खड्डे?" वहिनींनी विचारलं. पण फोन ठेवला गेला होता.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलला निघालो तेव्हा वहिनीही आमच्याबरोबर टॅक्सीत बसल्या. "फोटो माझा होता," एवढंच कारण. एरवी दिल्लीच्या वेशीवरच्या बदरपूरपर्यंत हे ड्रायव्हरला चार रस्ते शिकवतात. त्या दिवशी तो चुकीच्या लेनमध्ये शिरला तरी गप्प. अंगठा मुठीत लपवलेला. मी त्यांना एकही टोमणा मारला नाही, यावरून माझी अवस्था ओळखा.

मॅडमनी दिव्याच्या भिंगातून रेघ बराच वेळ न्याहाळली आणि म्हणाल्या, नखाच्या मुळाशी जिथून रंग तयार होतो तिथला बारीक तुकडा काढून तपासावा लागेल. तुकडा काढला. अंगठ्याला पांढरं पागोटं बांधून हे घरी आले आणि रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणाच्याही फोटोत शिरले नाहीत. माझ्या वाढदिवसाच्या केकपासूनसुद्धा लांब उभे राहिले. मला रडू आलं ते तेव्हा.

रिपोर्टच्या दिवशी पुन्हा तिघंही मॅडमसमोर. भाची त्यांच्या मागे उभी. मॅडमनी कागद वाचला आणि चष्मा काढला.

"कॅन्सर नाही. रंगाच्या पेशी जरा जास्त काम करताहेत, इतकंच. पण रेघेचा फोटो काढून ठेवा आणि ठरल्या वेळी दाखवायला या. रुंदी किंवा रंग बदलला तर लगेच."

यांनी पागोट्यातला अंगठा उलटसुलट करून पाहिला. मी त्यांची बाही धरली. भाचीने डोळे पुसले.

तेवढ्यात वहिनींनी यांना बाजूला सारलं, दोन्ही पंजे धाडकन मॅडमच्या टेबलावर पसरले, बाह्या कोपरापर्यंत वर केल्या (कोपरांवर पांढरे पापुद्रे होते, ते आम्हालाही तेव्हाच दिसले; खड्डे आणि पापुद्रे दोन्ही सोरायसिसचे, हे नंतर कळलं) आणि ओरडल्या,

"देव पावला! आता तरी कुणी माझी नखं बघणार आहे का?"