मामाजींचं पापसाम्य

मामाजी गेल्याची बातमी आमच्या गोरेगावच्या आठवडी बाजारात कळली. माझे यजमान श्रीधर यांचे ते मामा. शेती धानाची, नाद पत्रिकांचा. खरं सांगते, रडू येण्याआधी मनात आलं... आता लग्नाच्या वेळचं ते कोणाला विचारायचं?

माझ्या लग्नाची खटपट चालली होती, तो स्वातंत्र्यानंतरचा दुसरा उन्हाळा. माझ्या सातव्या घरात मंगळ, त्यामुळे येणारं प्रत्येक स्थळ परत जाई. मामाजी मात्र श्रीधरचं स्थळ घेऊन आले आणि पाटी मांडून बसले. "एकट्या मंगळाले काऊन भेता? दोघायचं सारं पाप मोजा," म्हणाले. मंगळ, शनी, रवी, राहू यांपैकी जो पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात, त्याचं पाप धरायचं. जन्मलग्नापासून मोजलं तर एक गुण, चंद्रापासून अर्धा, शुक्रापासून पाव. मुलाची बेरीज मुलीइतकी किंवा थोडी जास्त हवी, हेच पापसाम्य. मुलीची जास्त झाली, तर नवऱ्याच्या जिवाला धोका.

माझी पावणेतीन भरली. श्रीधरची सव्वादोन. बाबा उठायलाच लागले, तेव्हा मामाजी बहिणीकडे, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासूबाईंकडे वळले. "चांगलं आठव. हा झाला तवा पहाट होती, का दिवस उगवून राहिला होता?"

"उगवून राहिला असंल."

मामाजींनी पाटी पुसली. चंद्र-शुक्राचे गुण होते तसेच राहिले. जन्मलग्न तेवढं एक रास पुढे सरकलं. रवी दुसऱ्यातून पहिल्यात आला, त्याचा गुण कायम; मंगळ-राहूचंही काही बदललं नाही. पण पाचव्यातला शनी चौथ्यात आला आणि एक गुण वाढला. सव्वातीन! बाबांनी सुपारी फोडली. मला मात्र तो शनी फारच सोयीने सरकल्यासारखा वाटला.

तो संशय घेऊनच मी नांदले. श्रीधरना साधा ताप आला तरी मी रात्रभर उशाशी बसून राही. मामाजी दर बाजाराला आमच्या ओसरीवर येत, पाणी पिण्याआधी भाच्याचं मनगट हातात घेत, "बरा हायेस ना बापा?" म्हणत. भाच्याची माया, एवढंच मी समजत होते.

तेरवी आटोपल्यावर सासूबाईंना त्या जन्मवेळेचं विचारलंच. त्या चिडल्या. "मले काय ठाऊक व! कळा सोसू का उजेड पाहू? दादानं विचारलं, मी हो म्हटली."

म्हणजे मामाजींनाही खात्री नव्हती. माझं घर बसावं म्हणून त्यांनी सख्ख्या भाच्याचा जीव त्या एका गुणावर ठेवला होता, आणि दर आठवड्याला तो तपासायला येत होते. माझ्याइतकेच तेही भीत होते, आणि हे मला ते गेल्यावर कळलं. फार वाईट वाटलं.

परवाच्या बाजारी श्रीधर ओसरीवर येऊन बसले, पाणी मागितलं. तांब्या देण्याआधी मी त्यांचं मनगट धरलं.