एकपासून एकपर्यंत

लोणावळ्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात गणिताची एक कायम जागा निघाली. शेवटच्या फेरीत दोघेच होतो: मी आणि सुदुंबऱ्याची एक शिक्षिका. ती याच महाविद्यालयात नऊ वर्षे तासिका तत्त्वावर शिकवत होती. जागा तिलाच मिळणार, असे शिपायाने मला चहा देताना सांगितले.

नमुना पाठ रिकाम्या वर्गात, निवड समितीसमोर होता. एकाने शिकवायचे, दुसऱ्याने विद्यार्थी म्हणून मागे बसायचे, अशी तिथली पद्धत. तिने x² चा वक्र काढला, उणे एकपासून एकपर्यंतचे क्षेत्र खडूने भरले आणि उत्तर दोन तृतीयांश आणले.

"आता u बरोबर x² घेऊन करा," विषयतज्ज्ञ म्हणाले.

तिने भराभर लिहिले. x च्या जागी √u घातले. मग मर्यादा बदलल्या. उणे एकचा वर्ग एक, एकचा वर्गही एक. एकपासून एकपर्यंतचे संकलन शून्य. ते लिहून तिचा हात थांबला.

"म्हणजे हे भरलेलं सगळं शून्य?" तज्ज्ञांनी आकृतीकडे बोट केले. "मॅडम, मग एवढा खडू कशाला उगाळलात?"

अध्यक्ष हसले. ती काही बोलण्याआधीच तज्ज्ञ म्हणाले, "असू द्या. बसा."

मध्ये दहा मिनिटांची सुट्टी होती. व्हरांड्यात ती माझ्याशेजारी येऊन बसली आणि तिने वहीच्या पाठीवर दोन ओळी लिहून दाखवल्या.

"लय घाई केली मी. शून्याच्या डावीकडे x म्हणजे उणे √u. सगळीकडे √u धरला, तिथं चुकलं. शून्यापाशी दोन तुकडे करायचे. दोन्ही तुकडे एक तृतीयांश येतात."

"आत जाऊन सांगा ना," मी म्हणालो.

"आता कोण ऐकणार, सर?"

माझ्या पाठात तज्ज्ञांनी विचारले, "मघाशी मॅडमचं कुठं चुकलं?" ती शेवटच्या बाकावर होती. मी दोन तुकडे केले. डावीकडे उणे √u, मर्यादा एकपासून शून्यापर्यंत. उजवीकडे √u, शून्यापासून एकपर्यंत. बेरीज दोन तृतीयांश. हे मला कुणी सांगितले, ते मी सांगितले नाही.

"समजलं का, मॅडम?" तज्ज्ञांनी मागे वळून विचारले.

"हो, सर."

नेमणूक मला मिळाली. कायम शिक्षक आला की तासिकांवरच्या शिक्षकाची गरज उरत नाही. माझ्या वाट्याला आलेले सगळे तास तिचेच होते. पहिल्या दिवशी तिने मला हजेरीपट आणि कपाटाची किल्ली दिली. मुलांना निरोप द्यायला वर्गात जाऊ का, असे तिने विचारले.

तास सुरू झाला होता. मी नंतर या म्हणालो.