शुभ बोलण्याचं वीजबिल

आमच्या शेठना अशुभ शब्द खपायचा नाही. संध्याकाळी मी "जाते" म्हटलं की ते तिथल्या तिथे दुरुस्त करायचे, "येते म्हणा, बाई." पिढीजात किराणा दुकान भावाच्या हवाली करून त्यांनी नागापूरच्या एमआयडीसीत लोखंडी कपाटांचा कारखाना काढला होता. रंग भाजायला विजेची भट्टी होती आणि वायरमन, इंजिनियर, वीजबिल तपासणारी असं सगळं मिळून मी एकटीच होते.

त्या वर्षी बिल फुगलं. नशिबानं वीज बोर्डाने नुकताच चकतीचा मीटर काढून इलेक्ट्रॉनिक बसवला होता. हा नवा मीटर दर अर्ध्या तासाला किती वीज गेली ते लक्षात ठेवायचा. बोर्डाच्या माणसाने हातातल्या यंत्रात ते आकडे उतरवून घेतले आणि कागदाची लांबच लांब पट्टी छापून दिली. ती टेबलावरून खाली लोळायला लागली तेव्हा शेठ म्हणाले, "एवढी तर माझी पत्रिकाही नाही."

कारखाना सुटल्यावर वापर एकदम पडत होता. तिथवर ठीक. पण त्याच्या पुढच्याच अर्ध्या तासात आकडा उसळायचा, थोडा वेळ चढा राहायचा, मग जरा उतरून सकाळपर्यंत सपाट चालायचा. अर्ध्या तासाला सहा युनिटं, म्हणजे सतत बारा किलोवॅटचा भार. रात्री कारखान्यात एक दिवा, एक रेडिओ आणि एक वॉचमन.

त्यातून वॉचमन गावाला गेला होता त्या रात्री तपासल्या, तर आकडा जमिनीला टेकलेला. शेठनी निकाल लावला, "वीज विकतोय. शेजारच्या हॉटेलला वायर टाकली असणार. उद्या हिशोब करून टाका त्याचा."

वॉचमन श्रीगोंद्याकडचा, दिवाळीपासून आलेला. आधी जोडीनं उसाच्या तोडीला जायचा. या नोकरीमुळे बायको पहिल्यांदाच घरी राहिली होती आणि थोरली मुलगी शाळेत टिकली होती. मला शेठचा राग आला. मीटर वेळ सांगतो, भार सांगतो, चोराचं नाव सांगत नाही.

मी पट्टी पुन्हा पसरली. हॉटेल असतं तर भार जेवणाच्या वेळी वाढून निजानीज झाल्यावर उतरला असता. हा रात्रभर सपाट होता आणि आमच्या आठवडी सुट्टीला तर दिवसभर तसाच. आधी जोर लावायचा आणि मग एका पातळीवर टिकून राहायचं, ही चाल तापणाऱ्या वस्तूची. आधी तापवायला लागते ती वीज, नंतर नुसती ऊब टिकवायला. आमच्याकडे तापणारी वस्तू एकच होती.

रंगाऱ्याला विचारलं. तो खूश होता. "नवा वॉचमन लई गुणाचा. सकाळी आलो की भट्टी तयार. फक्त तापमानाची चकती पार शेवटाला असती, ती मी खाली आणतो."

वॉचमनला शेठच्या केबिनमध्ये बोलावलं. मी सरळ विचारलं, "रात्री भट्टीला हात कोण लावतं?"

"मीच, म्याडम," तो म्हणाला. "शेठच सांगत्यात की जाताना. रोज."

शेठ खुर्चीतून अर्धे उठले. "मी काय सांगतो?"

"'भट्टी वाढव.' मी चकती फिरवून पार शेवटापर्यंत वाढवतो. गावाला गेल्तो तवा बदलीला बसवलेल्या पाव्हण्यानं भट्टी बंदच केली, त्याला सांगायचं राह्यलं, तेवढी चूक झाली."

शुभ बोल नाऱ्या म्हणतात ते असं. व्यापाऱ्यांच्या भाषेत दुकान बंद करायचं नसतं, 'वाढवायचं' असतं, आणि शेठनी तीच भाषा भट्टीला लावली होती. जुना वॉचमन बाजारपेठेतला; त्याला ती कळायची. मला हसू आवरेना. शेठ मात्र पट्टीकडे बघत बसले होते.

"अहो, वाढव म्हणजे..." ते सुरू झाले आणि अडकले. तो अशुभ शब्द काही त्यांच्या तोंडून निघेना. शेवटी माझ्याकडे बोट केलं. "बाई, तुम्ही सांगा."

"वाढव म्हणजे बंद कर," मी म्हणाले.

वॉचमनने माझ्याकडे पाहिलं, शेठकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. "वाढव म्हंजी बंद?"

"हो."

त्याने मान डोलावली, दारापर्यंत गेला आणि परत फिरला. हिशोब करायची गोष्ट त्याच्या कानावर गेली असावी. हात जोडून तो म्हणाला, "शेठ, माझी नोकरी तेवढी वाढवू नका."

शेठनी चष्मा काढला. तो पुसत म्हणाले, "नाही रे. आहे तशी राहू दे."