‘नाही ना?’ या प्रश्नाचं उत्तर

आमच्या आर्णीच्या वाचनालयात रविवारी दुपारी कोडी चालत. शब्दांची किंवा आकड्यांची कोडी नव्हेत. एक जण दोन-तीन वाक्यांत अर्धीच गोष्ट सांगायचा आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारून उरलेली शोधायची. प्रश्न असा हवा, की ज्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं देता येईल. सांगणाऱ्याला तिसरं एकच उत्तर मोकळं होतं, ‘फरक पडत नाही’. हे सगळं माझ्या यजमानांनी सुरू केलं होतं. ते हायस्कुलात गणित शिकवायचे आणि सांगणाऱ्याच्या खुर्चीवर बहुतेक तेच असायचे.

त्यांचे या खेळाचे काही नियम होते. उत्तर आधी कागदावर लिहून, घडी करून टेबलावर ठेवायचं, म्हणजे अर्ध्यात बदललं असा संशय नको. इशारा मागितल्याशिवाय द्यायचा नाही. दिला तर सगळ्यांना ऐकू जाईल असा द्यायचा, एकाच्या कानात नाही. आणि इशाऱ्यात नवीन माहिती आणायची नाही. कोड्यात आधीच असलेल्या एखाद्या शब्दावर बोट ठेवायचं, बस. उत्तर जवळ आलं की ते पाण्याचा पेला तोंडाला लावायचे, चेहऱ्यावरून कोणाला कळू नये म्हणून. त्यावरूनच सगळ्यांना कळायचं.

आणखी एक नियम होता, तो कुठे बोलून दाखवलेला नव्हता. अशा कोड्यांत जगभर कोणीतरी मेलेलं असतं आणि ते कसं मेलं हे शोधायचं असतं. आमच्या कोड्यांत कोणी मरत नसे. कापसाची ती वाईट वर्षं होती. वाचनालयातलं वर्तमानपत्र उघडलं की पहिल्या पानावर आमच्याच जिल्ह्याचं नाव असायचं. टेबलावर आणखी एक प्रेत कोणाला नको होतं. त्यामुळे आमच्या कोड्यांत माणसं छत्र्या विसरायची, चुकीच्या लग्नात जेवून यायची, एकाच पायात चप्पल घालून बाजारातून परतायची.

अशाच एका वर्षी पावसाळ्यात यजमान गेले. कोडी बंद पडली. दिवाळीनंतर शाळेतली एक तरुण शिक्षिका, जी प्रश्नोत्तरं पाटीवर टिपून घ्यायची, ती घरी आली आणि म्हणाली, बाई, तुम्ही सांगा ना कोडं. मी इतकी वर्षं फक्त प्रश्न विचारणारी. पण मला एका माणसासाठी हो म्हणावंसं वाटलं.

तो माणूस म्हणजे यजमानांचा मित्र, एसटीतले निवृत्त कंडक्टर. अर्ध्या तासावरच्या गावात राहायचे आणि दर रविवारी बसने यायचे. तेराव्यानंतर ते आर्णीला फिरकलेच नव्हते. घरातही कोणाशी फारसं बोलत नाहीत, असं त्यांच्या सुनेनं मला सांगितलं होतं. मी निरोप पाठवला. त्यांनी उलट कळवलं, की येतो, पण या एकाच वेळेस. तो नाही तर त्यात काही राम नाही. पाचच्या गाडीनं परत. म्हणजे मला एका दुपारचीच मुदत होती. कोडं असं व्हायला हवं होतं, की पुढच्या रविवारी ते आपण होऊन गाडीत चढतील.

म्हणून मी मुद्दाम बसचं कोडं रचलं. चार दिवस लागले. त्या दुपारी आम्ही सहा-सात जण जमलो. बाहेर रस्त्यावरून कापसाच्या गाड्या जात होत्या आणि पंख्याच्या वाऱ्यावर कुठून तरी आलेला कापसाचा पुंजका फिरत होता. कंडक्टर भाऊजी दाराजवळच्या खुर्चीवर बसले, पिशवी मांडीवर. मी घडी केलेला कागद टेबलावर ठेवला आणि सांगितलं: यवतमाळच्या स्टँडवर एक माणूस आर्णीच्या बसमध्ये चढला. बस रिकामी होती, तरी तो आर्णीपर्यंत उभाच राहिला. आर्णीत ज्या घरी गेला, तिथं बसा म्हणताच लगेच बसला. का?

भाऊजी जरा पुढे सरकले. उभ्या माणसांबद्दल त्यांना जेवढं माहीत होतं तेवढं तालुक्यात कोणाला नसेल. त्यांनी धडाधड विचारायला सुरुवात केली. माणूस आजारी होता? नाही. बसायला त्रास होईल असं गळूबिळू? नाही. सीट ओल्या होत्या, कोणी ओकलं होतं? नाही. तिकीट काढलं होतं? हो. यावर ते खूश झाले. शिक्षिकेनं विचारलं, हातात सामान होतं का? फरक पडत नाही. ते घर त्याचंच होतं? नाही. त्या घरी त्याची वाट पाहत होते? हो.

मग भाऊजी थांबले, छताकडे पाहिलं आणि म्हणाले, “वहिनी, त्याचं कारण कपड्यात तं नाही ना?”

यजमान असते तर म्हणाले असते, सरळ विचार. ‘नाही ना’नं संपणाऱ्या प्रश्नाला ते कधीच उत्तर देत नसत. मित्राची सवय मोडायला ते मुद्दाम छळतात, असं मला इतकी वर्षं वाटायचं. आता तीन-चार महिन्यांनी भाऊजी पहिल्यांदा तोंड उघडून बोलत होते आणि पहिल्याच दिवशी मी त्यांना टोकू? मला ते बरं वाटेना. शिवाय त्यांनी नेमकं उत्तरावरच बोट ठेवलं होतं. मी आनंदानं म्हणाले, “हो.”

मला म्हणायचं होतं, हो, कपड्यातच आहे.

टेबलाशी टेलरमास्टर बसले होते. मशिदीजवळच्या गल्लीत त्यांचं दुकान. ते इतका वेळ गप्प होते. कपड्यांचं नाव निघताच ताठ झाले होते. माझं ‘हो’ ऐकून ते पुन्हा सैल बसले. “चला, आपला धंदा कटला,” ते म्हणाले. मी ते ऐकलं आणि हसले. मला ती नुसती थट्टा वाटली.

पुढचा अर्धा तास सगळ्यांना काय झालंय ते मला समजेना. उत्तर हातात आलेलं, आणि ही मंडळी भलतीकडेच निघालेली. उभं राहण्याचा नवस होता का, खिडकीतून कोणाला शोधत होता का, ड्रायव्हर त्याचा सासरा होता का. नाही, नाही, नाही. शेवटी त्यांनी इशारा मागितला. मी नियमाप्रमाणे कोड्यातल्या शब्दांवर बोट ठेवलं: ‘ज्या घरी गेला’. शिक्षिका हुशार, तिनं दोन प्रश्नांत काढलं, की तो पहिल्यांदाच त्या घरी जात होता आणि मुलगी पाहायला जात होता. वा, आता झालंच, असं मला वाटलं. पण नाही. टेलरमास्टर म्हणाले, मग घाबरला असेल. नाही. नवरदेव बसला की लग्न मोडतं, असं काही आहे का तुमच्यात? शिक्षिका हसली. नाही.

मी दुसरा इशारा दिला: ‘लगेच’. त्यावर ते पुन्हा नवसापाशीच येऊन थांबले.

भाऊजींच्या आवाजातला उत्साह आता गेला होता. “सर असते तं एवढं लांबलं नसतं,” ते म्हणाले. मग घड्याळ पाहिलं, पिशवी खांद्याला लावली आणि उभे राहिले. “वहिनी, राग नका मानू. तुमचं कोडं जमून नाही राह्यलं. गाडीची वेळ होऊन राह्यली.”

मला दुसरं काही सुचलं नाही म्हणून मी शिक्षिकेला म्हटलं, एकदा पाटी पहिल्यापासून वाच. तेवढा तरी वेळ ते थांबतील. ती वाचत गेली. आजार, नाही. गळू, नाही. सीट, नाही. तिकीट, हो. सामान, फरक पडत नाही. स्वतःचं घर, नाही. वाट पाहत होते, हो.

“कपडे, नाही.”

तिथं मला चूक सापडली. ‘कारण कपड्यात तं नाही ना?’ असं भाऊजींनी विचारलं, मी हो म्हटलं. म्हणजे बरोबर, कपड्यात नाही. ऐकणारा कोणीही हेच समजला असता. यजमान मित्राला छळत नव्हते. त्या प्रश्नाच्या ‘हो’ला दोन तोंडं आहेत, हे त्यांना माहीत होतं, आणि मी माया दाखवायला गेले तिथंच फसले होते.

आता काय करायचं? गप्प राहिले तर अर्धा तास मी या सगळ्यांना खोट्या वाटेनं फिरवलं असं होतं. आणि ‘कपड्यांचं उत्तर हो आहे’ असं आता सांगितलं, तर ती दुरुस्ती राहत नाही. इतक्या उशिरा, इतक्या उत्तरांतून एकच उत्तर मागे घेणं म्हणजे उत्तरच ताटात वाढणं. मग भाऊजींनी काय शोधलं? काहीच नाही.

मी पाणी प्याले. खरंच तहान लागली होती. मग म्हणाले, “पाटीवरच्या उत्तरांत एक चुकलंय. चूक माझी आहे, तुमची नाही. कोणतं ते मी सांगणार नाही. सगळे प्रश्न पुन्हा विचारा, प्रत्येकानं आपापला. फक्त सरळ विचारा. शेवटी ‘ना’ नको.”

भाऊजी दारात उभे होते. “एका तिकिटाचे पैसे दोनदा,” ते पुटपुटले. पण गेले नाहीत. “पहिला माझाच आहे. उभ्यानंच विचारतो. आजारी होता?”

“नाही.”

गळू, सीट, तिकीट. त्यांनी तिकीट काढतात त्याच चालीवर एकेक विचारलं, मी एकेक उत्तर दिलं, शिक्षिका पाटीवर खूण करत गेली. तिचे दोन-तीन झाले. मग पुन्हा भाऊजींची पाळी आली. त्यांनी तोंड उघडलं, सवयीनं ‘कपड्यात तं’ एवढं आलं, आणि ते थांबले. वाक्य त्यांनी मनातल्या मनात उलटं केलं, ते मला त्यांच्या ओठांवर दिसलं.

“कारण कपड्यात आहे?”

“हो.”

टेलरमास्टरांनी टेबलावर थाप मारली. पण ते बोलले नाहीत. भाऊजींकडे हात करून त्यांनी वाट पाहिली. टेलरमास्टरांना उत्तर त्याच क्षणी कळलं होतं, हे आम्हां सगळ्यांना दिसत होतं. त्यांचं ते थांबणं मी अजून विसरलेले नाही.

“मुलगी पाहाले चालला,” भाऊजी हळूहळू म्हणाले. “पँट इस्त्रीची. बसला तं चुण्या पडतीन. त्या घरच्यांनी एकदा उभा पाह्यला, मग पडू दे चुण्या.” आणि माझ्याकडे बघून, “हेच न?”

“हो.”

“म्हणजे मी पहिलेच बरोबर होतो.”

“तुम्ही पहिलेच बरोबर होता. मीच चुकले.”

ते हसले. पावसाळ्यानंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहत होते. मग टेलरमास्टरांशी त्यांचं जुंपलं. टेलरमास्टर म्हणाले, टेरिकॉटला चुण्या पडत नाहीत, पँट सुती असणार, तुम्ही कापड विचारायला हवं होतं. भाऊजी म्हणाले, कापड विचारलं असतं तर वहिनी म्हणाल्या असत्या, फरक पडत नाही. शिक्षिकेचं म्हणणं पडलं, की ‘लगेच’ हा इशारा जरा जास्तच झाला. यावर दोघेही तिच्यावर उलटले. मग भाऊजींना आठवलं, की नोकरीत असताना दारव्ह्याच्या गाडीत खरोखर असा एक जण त्यांना भेटला होता. रिकाम्या बसमध्ये दांडीला धरून उभा. त्यांनी त्याला प्यायलेला समजून तीनदा दरडावून बसवलं होतं आणि तो तीनदा उठला होता. “त्याचं लग्न जमलं का नाही कोण जाणे,” ते म्हणाले. “नसन जमलं तं माह्यामुळं.”

बोलता बोलता ते खुर्चीवर बसले आणि पिशवी खाली ठेवली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “आता मी सांगतो एक. अर्धंच तयार आहे, पण सांगतो. तुम्ही विचारा.” त्यांनी पाटी पुसायला सांगितली आणि गोष्ट सुरू केली, एका बाईची, जिनं नवं कुलूप विकत आणून किल्ली त्याच दिवशी विहिरीत टाकली. मी पहिला प्रश्न विचारला.

पाचची गाडी स्टँडवरून निघाल्याचा हॉर्न ऐकू आला. गाडी गेली, असं आम्ही कोणीच त्यांना म्हणालो नाही.