लाल कल्ला

संयुक्त महाराष्ट्राच्या हरताळानंतर दादरचा मासळीबाजार उघडला, तेव्हा प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मनात एकच शंका होती, मासळी शिळी तर नाही? माझी सुरमई त्याच पहाटेची होती, ताज्या मासळीचा असतो तसा कल्ला लालभडक, तरी भवानीच होईना. पहिल्या बाईने कल्ला उचलून पाहिला, नाक मुरडलं आणि निघून गेली. दुसरीनेही तेच केलं. तिसरीने कल्ला पाहिला आणि पुटपुटली, "लाल तर दिसतोय. पण त्या दोघींना काहीतरी कळलं असेल." तीही गेली. त्यानंतर कोणी कल्ला उचललाच नाही. तिघींनी पारखून सोडलेली मासळी कोण घेणार?

बाजार उठताना पाहते तर काय, त्या पहिल्या दोघी माझ्या शेजारच्या कोळणीची पाटी उचलून तिच्याबरोबर घरी निघालेल्या. तिच्या जावा होत्या त्या! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सुरमई मी खारवायला टाकली, राग मात्र ताजाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी माझ्या दोन नणंदा गिऱ्हाईक बनून तिच्यापुढे उभ्या राहिल्या. कल्ला उचलला, नाक मुरडलं, निघाल्या. तिसरी बाई कल्ला पाहून जरा घुटमळली, पण गेलीच. मग सगळा बाजार तिला वळसा घालून जाऊ लागला. ती घसा फोडून ओरडत होती, "कल्ला बघा गो, लालभडक हाय!" कोणी वाकलंसुद्धा नाही.

मी माझी पाटी रिकामी करून तिच्या शेजारी निवांत पान लावत बसले.

"ओरड गो बाय, ओरड," मी म्हटलं. "काल माझा पण लालच होता."