नानांनी छापलेला कामिनीचा रेझ्युमे

धुळ्यातल्या एका तपासणी केंद्रात कामिनी सात वर्षं एक्स-रे आणि सीटी स्कॅन करत होती. नवऱ्याची, ज्ञानेश्वरची, रेल्वेत भुसावळला बदली झाली आणि रोज धुळ्याहून भुसावळ गाठणं काही त्याला जमेना, म्हणून बिऱ्हाडच तिकडे हलवायचं ठरलं. तेवढ्यात जळगावच्या एका नव्या हॉस्पिटलला एक्स-रे टेक्निशियन हवा असल्याचं कळलं. भुसावळहून जळगाव म्हणजे रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत. कामिनीने अर्ज करायचं ठरवलं. अडचण एकच होती, तिच्याकडे रेझ्युमे नव्हता. पहिली नोकरी ओळखीवर लागली होती, दुसरी शोधायची वेळच आली नव्हती.

तिचे चुलते लोटननाना यांचं शिरपूरला दुकान होतं. लग्नपत्रिका, मुलामुलींचे बायोडाटे आणि गाड्यांच्या नंबरप्लेटवरचं रेडियमचं काम. पुतणीला कागद करून हवाय म्हटल्यावर नाना फोनवरच खूश झाले.

"तू रेडिएशनमा शे, मी रेडियममा शे. आपला धंदा एकच शे, पोर. तू फक्त बोल, मी बठ्ठं छापी देस."

दुपारी केंद्रात गर्दी होती. कामिनीने कंट्रोल रूममध्ये फोन ठेवला, व्हॉइस मेसेज चालू केला आणि काम करता करता सांगत गेली. डिजिटल एक्स-रे येतो, सीटी येतो, मॅमोग्राफी येते, पोटाच्या सीटीचा अनुभव जास्त. दिवसाला साधारण पन्नास एक्स-रे, दहा-बारा सीटी. रिपीट रेट तीन टक्के. रेडिएशनची काळजी कशी घेते ते. रजिस्ट्रेशन नंबर शेवटी राहिला. "तो घरी गेल्यावर पाठवते," म्हणाली आणि घरी गेल्यावर विसरली.

नाना काही विसरले नाहीत. हॉस्पिटलचा ई-मेल पत्ता त्याच मेसेजात होता. त्यांनी रेझ्युमे केला आणि कामिनीला न दाखवता परस्पर पाठवूनही दिला. मागाहून फोन करून म्हणाले, "झकास व्हयनं!"

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमधून हेमांगी नावाच्या बाईंचा फोन आला. भरतीचं काम त्या बघत होत्या. "तुमचा रेझ्युमे मिळाला. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. तुम्हाला भेटायचंच म्हणताहेत." हेमांगीबाईंचा आवाज जरा थरथरत होता. हसू दाबल्याने तो तसा येतोय, हे कामिनीला कुठून कळणार?

मुलाखतीला नाना पांढरी टोपी घालून बरोबर आले. ते बाहेरच्या बाकावर बसले आणि कामिनी आत गेली. समोर रेडिओलॉजिस्ट डॉ. योगराज बसले होते, शेजारी हेमांगीबाई. टेबलावर रेझ्युमे. वर श्रीगणेश, चारी कोपऱ्यांत आंब्याची पानं, मध्ये सोनेरी अक्षरांत कामिनीचं नाव. कामिनीचे कान तापले.

"बसा," डॉक्टर म्हणाले. "पहिल्याच ओळीपासून सुरुवात करू. तुमचं ध्येय असं लिहिलंय: हनुवटी वर करा, मोठा श्वास घ्या, रोखून धरा, आता अजिबात हलू नका."

"सर, ते मी पेशंटला सांगत होते."

"मला वाटलंच. पुढे. पेट सीटी, प्रचंड अनुभव. धुळ्यात कुठे बसलंय पेट सीटीचं मशीन?"

"कुठेही नाही, सर. म्हणजे मी तरी त्यावर काम केलेलं नाही. मी पोटाचा सीटी म्हणाले होते." कामिनीने दाराकडे पाहिलं. "काकांनी हिंदी केलं असेल."

हेमांगीबाईंनी पदर तोंडाला लावला. डॉक्टर मात्र शांतपणे पुढे सरकले. रोजचे पेशंट अडीचशे, असं लिहिलं होतं. आणि त्याखाली ठळक अक्षरांत, रिपीट रेट सत्त्याण्णव टक्के.

"शंभरातले सत्त्याण्णव एक्स-रे तुम्ही पुन्हा काढता?"

आता कामिनीला राहवेना. तिने उठून दार उघडलं. "नाना, हाई काय लिखं तुम्ही?"

नाना आत आले, डॉक्टरांना नमस्कार केला आणि न विचारता खुर्चीवर बसले. "डॉक्टरसाहेब, पोरीने तीन टक्के सांगितलं. मला लाज वाटली. गिऱ्हाईक परत येतच नाही म्हणजे काय? माझ्या दुकानात एका घरातली चारही लग्नं छापली जातात. म्हणून मी सत्त्याण्णव केलं."

"आणि अडीचशे पेशंट?"

"एका पेशंटसंगे चार जण येतस," नाना म्हणाले. "मी सोता मोजेल शे."

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग त्यांनी नानांना समजावलं, की फोटो हलला किंवा नीट आला नाही तर तो पुन्हा काढावा लागतो आणि पेशंटला विनाकारण जास्त रेडिएशन मिळतं. तो आकडा जितका कमी तितकं बरं. नानांचा चेहरा पडला. "म्हणजे तीनच चांगले व्हते?" त्यांनी विचारलं.

राहिला रजिस्ट्रेशन नंबर. तिथे एमएच अठराने सुरू होणारा नंबर होता.

"हा तर गाडीचा नंबर," डॉक्टर म्हणाले.

"तिची स्कुटी!" नाना पुन्हा खुलले. "रेडियम मीच लावलंय. नंबर तोंडपाठ शे."

कामिनीने पिशवीतून पॅरामेडिकल कौन्सिलचं मूळ नोंदणीपत्र काढून टेबलावर ठेवलं. नूतनीकरण झालेलं होतं. हेमांगीबाईंनी नंबर उतरवून घेतला. रेडिएशन सुरक्षेखाली नानांनी 'मशीन चालू होताच लांब पळते' असं लिहिलं होतं. डॉक्टर म्हणाले, "अंतर ठेवणं तसं बरोबरच आहे. बाकीचं तुम्ही सांगा." कामिनीने सांगितलं. जेवढा भाग हवा तेवढ्यावरच किरण सोडते. बाईमाणूस असेल तर दिवस गेलेत का, ते आधी विचारते. पेशंटला धरायला कोणी थांबलं तर त्याला किरण अडवणारा लेड ॲप्रन देते. छातीवर रेडिएशन मोजणारा टीएलडी बॅज लावते, दर तीन महिन्यांनी तो तपासायला जातो.

"चला, मशीनवर दाखवा," डॉक्टर म्हणाले.

नाना उत्साहाने उठले. "माना फोटो काढ! फुकट तपासणी बी व्हई जाई."

"नाही नाना. डॉक्टरांची चिठ्ठी नाही, तुम्हाला काही होत नाही. उगाच रेडिएशन कशाला? मशीन बंदच ठेवून फक्त उभं करते."

डॉक्टर हेच सांगणार होते, त्यांनी नुसती मान हलवली. कामिनीने नानांची टोपी उतरवली, छाती स्टँडला टेकवली, हनुवटी वर, खांदे पुढे. "मोठा श्वास घ्या. रोखून धरा." मग डॉक्टरांनी मशीनबद्दल काहीतरी विचारलं, तिने उत्तर दिलं, त्यातून दुसरा प्रश्न निघाला. स्टँडपाशी नाना आधी लाल झाले, मग जांभळे. शेवटी त्यांनी पाय आपटला.

"अगं बाई! सोडा, नाना, श्वास सोडा!" कामिनी ओरडली.

नानांनी सोडलेल्या श्वासाने हेमांगीबाईंच्या हातातले कागद उडाले.

नोकरी त्याच दिवशी मिळाली नाही. कौन्सिलकडून नोंदणीची खात्री झाली, धुळ्याहून अनुभवपत्र आणि टीएलडीच्या नोंदी आल्या, मगच नेमणुकीचं पत्र निघालं. रेझ्युमे मात्र कामिनीने स्वतः टाईप करून नव्याने दिला. साधा, एका पानाचा. नाना दोन दिवस रुसले, तिसऱ्या दिवशी पेढे घेऊन भुसावळला हजर झाले.

कामावरच्या पहिल्या सकाळी तिच्याकडे रावेरकडचे झिपरूआबा आले. केळीचा घड उचलताना खांदा दुखावला होता. कामिनी मशीन लावून कंट्रोल रूमकडे वळली, तर आबा म्हणाले, "थांब बाई," आणि चांगल्या हाताने खिशातली फणी काढून मिशा विंचरू लागले. कामिनी दारात थांबली. आबांचं आटोपलं, त्यांनी फणी ठेवली आणि मशीनकडे बघून गोड हसले.