सात सह्यांचं विमान

रोज सकाळी शटर अर्धं वर गेलं की विनोदिनी शेटगावकर दिवा लावायच्या आधी झेरॉक्स मशीनचं झाकण उचलायची आणि काचेवरून हात फिरवायची. आदल्या दिवशी कुणाची मूळ प्रत राहून गेली आहे का, ते बघायला. आठवड्यात दोन तरी सापडायच्या. कुणाचा जन्मदाखला, कुणाचं रेशनकार्ड, एकदा तर एका नवऱ्यामुलाचं लग्नाच्या नोंदणीचं पत्र. पेडण्याला मामलेदार कचेरीसमोर तीस वर्षं दुकान चालवून माणसांविषयी तिचं एक मत पक्कं झालं होतं. माणूस नकला मोजून पिशवीत घालतो आणि असल मागे ठेवून जातो.

मग पाववाला पोदेर भोंगा वाजवत आला की उंडो पाव आणि समोरच्या शांतारामच्या गाड्यावरचा चहा, आणि वर्तमानपत्र. मथळ्यांकडे ती ढुंकूनही पाहत नसे. थेट नोकरीच्या जाहिराती. कात्रीने कापायच्या, वहीत चिकटवायच्या आणि 'पात्रता' या शब्दापुढचं तेवढं लाल पेनने अधोरेखित करायचं. भाचीने, गौरवीने, लहानपणी एकदा विचारलं होतं, "मावशी, तू नोकरी शोधतंस?"

"मी न्हय गो. नोकरी कोणाक शोधता तें बघतंय."

गौरवी तेव्हा हसली होती. बारावी झाली त्या जूनमध्ये मात्र तिला हसू आलं नाही.

मोप्याला विमानतळ सुरू होऊन सहा महिने झाले होते आणि सगळ्या तालुक्याला पंख फुटले होते. ज्यांनी आयुष्यात म्हापशापलीकडची कदंबा बसही धरली नव्हती, ते 'टर्मिनल' आणि 'बोर्डिंग' असले शब्द तोंडात घोळवू लागले होते. बाजारात एका चपलांच्या दुकानाच्या माडीवर 'नभांगण एव्हिएशन अकॅडमी' उघडली होती. जिन्याला निळा रंग, रंगावर पांढरे ढग, आणि ढगांमधून गळ्याला रुमाल बांधून हसणारी एक मुलगी. ती मुलगी गोव्याची नव्हती, बहुधा कुठल्याच गावची नव्हती. पण गौरवी तिच्यासारखं हसून बघायची, आरशात, दार लावून.

गौरवीचे वडील शिवदास पाळी गावचे. खाणी बंद पडल्यावर अंगणात गंजत उभा असलेला खनिज वाहणारा टिप्पर त्यांनी शेवटी विकून टाकला होता. त्या पैशांवर घरातलं एकच मोठं काम होणार होतं, आणि ते काम म्हणजे गौरवीचं शिक्षण. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ते लेकीला घेऊन दुकानात आले. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात चकचकीत फाइल.

"बाय, चार-चार नकला काढ," ते मेहुणीला म्हणाले. "बँकेक दिवंक जाय. चेडवाचं विमान सुटलंच समज."

"खंयचं विमान?"

त्यांनी माहितीपत्रक काउंटरवर ठेवलं. विनोदिनीने चष्मा लावला. ती वाचू लागली की समोरच्या माणसाला उगाच आपण काहीतरी चोरल्यासारखं वाटायचं.

"एअरपोर्ट ग्राउंड स्टाफ डिप्लोमा. एक वर्ष. एक लाख साठ हजार." तिने पान उलटलं. "शंभर टक्के प्लेसमेंट सहाय्य. सहाय्य म्हणजे कितें रे, शिवदास?"

"म्हणजे नोकरी देतत."

"म्हणजे तुझ्या चेडवाचा बायोडाटा ईमेल करतत. तो मी वीस रुपयांत करतंय."

"सगळ्यात खोट काढूंक नाका, बाय. सरकारमान्य आसा. हो बघ, नंबर छापलाय." शिवदासनी मागच्या पानावर बोट ठेवलं. खाली बारीक अक्षरात होतं: 'गोवा सरकारकडे नोंदणीकृत', आणि पुढे क्रमांक.

विनोदिनीने तो क्रमांक पाहिला आणि ती हसली. ते हसणं चांगलं नव्हतं. गौरवीला ते पुढे कितीतरी दिवस ऐकू येत राहिलं.

"हो नंबर माका पाठ आसा. ह्याचो अर्ज मीच टाईप केलो." तिने चष्मा काढला. "संस्था नोंदूक सात माणसां लागतत. सातांच्यो सह्यो, एक उद्देशपत्र, झालं. अकॅडमीवालो साईश, त्याची बायल, सासरो, दोघे मेहुणे, एक मावसभाव. सहा. सातवो मिळना. मग कोण गावलो, सांगू?" आणि रस्त्यापलीकडे तोंड करून तिने हाक मारली, "शांताराम! तू विमानाचं कितें शिकवतंस रे?"

शांतारामने किटली खाली ठेवली. "चहा, बाय!"

"हो तुझ्या एव्हिएशन अकॅडमीचो संस्थापक सदस्य," विनोदिनी म्हणाली.

शिवदासचा चेहरा उतरला, पण ते हटले नाहीत. "तरी सरकारी नंबरच ना?"

"अरे, नोंदणी म्हणजे सरकार म्हणता, अशी संस्था आसा. ती कितें शिकवता, तें बरं की वाईट, हें सरकाराक कोणी विचारलंच ना. मान्यता वेगळी. डिप्लोमा कोण देता? साईश. त्याच्या कागदार साईशचीच सही, आणि साईशक ओळखणारो विमानतळार कोण आसा?"

अख्ख्या तालुक्याने हीच चूक केली होती. 'नोंदणीकृत' हा शब्द लोक 'सरकारमान्य' असा वाचत होते, आणि साईश त्यांची चूक सुधारत नव्हता. तो खोटं एकही अक्षर बोलत नसे. त्याला गरजच नव्हती.

मग विनोदिनीने वही काढली. विमानतळावरच्या, हॉटेलांच्या, कारखान्यांच्या जाहिराती. तिने वही गौरवीकडे ढकलली. "वाच. मोठ्यान. फकत लाल केलेलं."

गौरवी वाचू लागली. ग्राहक सेवा: पदवी किंवा बारावी, इंग्रजी व हिंदी बोलता येणे, प्रशिक्षण कंपनी देईल. रॅम्प चालक: दहावी आणि जड वाहनाचा परवाना. तंत्रज्ञ: आयटीआय, एनसीव्हीटी प्रमाणपत्र. पुन्हा आयटीआय. मांद्र्याचं एक हॉटेल: एसी मेकॅनिक, आयटीआय. पुन्हा तेच. पानं संपत आली आणि तिचा आवाज बारीक होत गेला. एअरपोर्ट डिप्लोमा हे शब्द एकाही जाहिरातीत नव्हते. जे काम मिळणार होतं ते बारावीवर मिळत होतं, आणि ते शिकवायला कंपनी स्वतः बसली होती.

"ती मुलगी..." गौरवी म्हणाली. जिन्यावरच्या मुलीविषयी तिला काही म्हणायचं होतं. पण ते म्हणण्याजोगं नव्हतं.

"चार गोष्टी विचारूच्यो," मावशी म्हणाली. "किती पैसे, किती दिवस, कोण मानता, आणि कोण कामाक बोलयता. पयल्यो तीन सगळे विचारतत. चौथी कोण विचारीना. मीय विचारूंक नासली."

गौरवीला ती गोष्ट ठाऊक होती, पण मावशीच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. विनोदिनीने दोन भाषांत टायपिंगच्या सरकारी परीक्षा दिल्या होत्या. फी थोडी, वेळ थोडा, मान्यता शंभर नंबरी. सरकारी टंकलेखकाच्या प्रतीक्षायादीत तिचं नाव तिसरं लागलं. ते तिसरं असतानाच कचेऱ्यांत संगणक आले आणि यादी कुणी पुन्हा उघडलीच नाही. ती फ्रेम केलेली प्रमाणपत्रं दुकानात अजून टांगलेली होती. त्यांच्यामागे पालींनी घर केलं होतं.

नर्सिंगचा विचार झाला. तीन वर्षं, आणि रक्त बघून गौरवीला घेरी यायची. पदवीचाही झाला. शेवटी लाल रेघांनीच कौल दिला: रेफ्रिजरेशन आणि वातानुकूलन, सरकारी आयटीआय, दोन वर्षं. वर्षाची फी अकॅडमीच्या एका हप्त्याहून कमी.

"चेडवां फ्रीज दुरुस्त करतलीं?" शिवदास म्हणाले.

"फ्रीजाक कळता काय, कोण दुरुस्त करता तें?"

पण खरी अडचण पुढेच होती. यादीत गौरवीचं नाव लागलं तेव्हा प्रवेश घ्यायला दोन दिवस उरले होते. मूळ गुणपत्रिका घेऊन हजर राहायचं होतं. आणि गौरवीच्या दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका माडीवर होत्या, साईशच्या कपाटात. शिवदासनी दुकानात यायच्या आधीच जागा राखून ठेवण्याचे पाच हजार भरले होते, तेव्हा त्याने त्या 'पडताळणीसाठी' ठेवून घेतल्या होत्या.

विनोदिनीने हे ऐकलं तेव्हा तिने झेरॉक्सचं झाकण धाडकन आपटलं. "नकलांचो धंदो करतंय मी, आणि माझीच भाची असल दिवन येता!"

तिने दुकान बंद केलं, सोमवारी, भर अकरा वाजता. गौरवीला आणि शांतारामलाही सोबत घेतलं. ढगांमधून तिघे जिना चढले. माडीवर एसी होता आणि साईश होता. दोघंही आवाज करत होते.

"कोर्स सोडलो तर फी भरूक जाय, मावशे," साईश गोड बोलला. "तोपर्यंत कागद संस्थेकडे. संस्थेचो नियम."

"संस्थेचो?" विनोदिनीने शांतारामला पुढे केलं. "हे बघ, संस्थाच आयली. शांताराम, तुझ्या सभेत असो नियम केलो?"

शांताराम भिंतीवरच्या विमानाच्या चित्राकडे बघत होता. त्याने मान हलवली. "माका सभेक कोणी बोलयलोच ना. चहासुद्धा माझ्याकडसून मागवत नाय, बाय. मशीन आणलां."

बाकांवर बसलेल्या मुलींपैकी कुणीतरी खुदकन हसलं. त्यांत गौरवीची मैत्रीण सिद्धीही होती. विनोदिनी त्यांच्याकडे वळून नुसतं म्हणाली, "तुमच्यो असल खंय आसत गो?"

त्या वाक्यानंतर साईशने कपाट उघडायला फार वेळ घेतला नाही. गुणपत्रिका मिळाल्या. पाच हजार गेले. त्या पैशांचा विषय शिवदासनी पुढे कितीदा काढला, पण फक्त स्वतःशी.

पाळीत लोक बोललेच. सिद्धीची आई शालिनी म्हणाली, "इतके मार्क पडून पान्हो धरतली?" दोन वर्षं ते चाललं. कार्यशाळेत वीस मुलगे आणि गौरवी. पहिल्या महिन्यात त्यांनी तिला 'मॅडम' म्हणून चिडवलं, दुसऱ्या महिन्यात वायू भरताना तिचा हात स्थिर राहतो हे त्यांच्या लक्षात आलं आणि चिडवणं थांबलं. आता ती मोप्याला आहे, टर्मिनलचं वातानुकूलन सांभाळणाऱ्या कंपनीत अप्रेंटिस. तिच्या गळ्यात रुमाल नाही. बोटांना तेलाचा वास येतो. सिद्धीही तिथेच भेटते, एका कॉफीच्या काउंटरवर. तिला बारावीवरच घेतलं. डिप्लोमा कुणी पाहायलाही मागितला नाही.

पहिलं विद्यावेतन मिळालं त्या दिवशी गौरवी पेढे घेऊन दुकानात गेली. मावशीने पेढा खाल्ला आणि तोंड वाकडं केलं. "हें कायम न्हय. वर्षान सोडतले. जाताना अनुभवाचं पत्र माग. सहीशिक्क्याचं." शाबास म्हणणं तिला कधी जमलंच नाही.

माघातल्या एका रविवारी, मांद्र्याच्या घरी, दुपारच्या जेवणानंतर विनोदिनी आडवी झाली ती उठली नाही. सोमवारी शटर गौरवीने उघडलं. झाकण उचलून तिने काचेवरून हात फिरवला. काच रिकामी होती.

शांताराम रस्ता ओलांडून आला आणि सांगू लागला. शनिवारी संध्याकाळी तो इथे आला होता, गाड्याच्या परवान्यासाठी आधार कार्डाच्या दोन नकला काढायला. नकला खिशात घालून तो निघाला होता, तेव्हा मागून बाय ओरडली होती:

"शांताराम, नकला घेवन खंय चाललंस? असल काचेर उरलां, तें घे आदीं."